रॉक ऑपेरा: नुसत्या गाण्यांतून सलग गोष्ट कळते का? आणि स्टेजवर आणताना नेमकं कुठं फसतं?

पंचगंगाकाठ
राम राम मंडळी. आम्ही कोल्हापुरातले काही मित्र दीड-दोन वर्षं एका रॉक ऑपेरावर काम करतोय. ११ गाणी आहेत, मध्ये एकही संवाद नाही. गोष्ट २०१९ च्या पुराची. चिखली-आंबेवाडीच्या बाजूचं एक घर, दोन भाऊ. रात्री पाणी चढतं, सगळे बाहेर पडतात, थोरला म्हशी सोडायला परत गोठ्याकडं जातो आणि येत नाही. गोठ्याचं दार धाकट्यानं बाहेरून कडी घालून लावलेलं असतं, ते फक्त त्यालाच माहीत. पुढची सगळी गाणी या ओझ्याची.

घरी रेकॉर्ड केलेलं दहा-बारा जणांना ऐकवलं. सगळे म्हणाले गाणी जबरदस्त. आणि जवळजवळ सगळ्यांनी विचारलं, "थोरला गेला कधी?" चौथं गाणं त्याच्यावरच आहे, तरी!

आता दिग्दर्शक मैत्रीण म्हणते, सूत्रधार घाल नाहीतर स्टेजचा नाद सोड. मला सूत्रधार नको आहे. बाहेरच्या लोकांनी हे कसं सोडवलं? आणि स्टेजवर हा प्रकार एवढा अवघड का जातो?

तांबडारस्सा
११ गाणी आणि एक पण संवाद नाही? भावा, कोल्हापूरचा माणूस एवढा वेळ न बोलता बसतोय व्हय?

जुना_श्रोता
यात नवीन काही नाही. आपल्याकडे १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' केलं तेव्हाच हे झालं. गाण्यांतून नाटक. गिटार नव्हती एवढंच. ज्या गावात केशवराव भोसलेंसारखे गायक-नट जन्मले त्या गावातल्या पोरांनी हे बाहेरच्यांना विचारावं याचं नवल वाटतं.

एकटा_बेसिस्ट
@जुना_श्रोता, काका, आदर आहेच, पण फरक मोठा आहे. संगीत नाटकात गोष्ट पुढे नेतं ते गद्य. पद आलं की गोष्ट थांबते आणि आपण त्या भावनेत बसतो. पद काढून टाकलं तरी कथानक उभं राहतं. पंचगंगाकाठच्या पोरांकडं गद्यच नाही, म्हणजे गाडी ओढायचं कामही गाण्यालाच आणि भावनेत बसवायचं कामही गाण्यालाच.

जुना_श्रोता
हे तुम्ही नंतरच्या काळाबद्दल बोलताय. सुरुवातीच्या किर्लोस्करी नाटकात साक्या, दिंड्या, कामदा या पद्यप्रकारांत पात्रं एकमेकांना उत्तरं देतात, बातम्या सांगतात, कथा सरकते. पुढे ठुमरी-ख्यालाच्या चाली आल्या, वन्समोअर सुरू झाले, आणि मग पद म्हणजे मैफल झाली. तेव्हा साकी-दिंडीकडे परत बघा, तुमचं गद्य तिथं सापडेल.

एकटा_बेसिस्ट
हे मात्र मान्य. आणि गंमत म्हणजे रॉकवाल्यांना नेमकी साकी-दिंडीच सापडत नव्हती. 'टॉमी'चं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण पंचगंगाकाठचा "थोरला गेला कधी?" हा प्रश्न तिथं जशास तसा आहे.

'द हू' या बँडचा हा १९६९ चा दुहेरी अल्बम, बराचसा पीट टाउनशेंडनं लिहिलेला. गोष्ट अशी: कॅप्टन वॉकर पहिल्या महायुद्धात बेपत्ता. बायकोला मुलगा होतो, टॉमी. नवरा गेला असं समजून ती दुसऱ्या माणसाबरोबर राहू लागते. १९२१ मध्ये नवरा परत येतो, झटापट होते, खून होतो. पोरगं ते आरशात बघतं. आईबाप त्याला दरडावतात की तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाहीस. आणि पोरगं खरंच आंधळं, बहिरं, मुकं होतं.

आता '१९२१' हे गाणं नीट ऐका. त्यात खून नाहीच! सुरुवातीला नव्या वर्षाची आशा आहे, मग एकदम "पोराचं काय? त्यानं सगळं पाहिलं" अशी ओळ येते. खून दोन ओळींच्या मधल्या फटीत झालेला आहे. कोणी कोणाला मारलं हेसुद्धा शब्दांत नाही. त्यात आईचं, बापाचं, निवेदकाचं बरंचसं टाउनशेंड आणि बँडचा गायक डाल्ट्री हे दोघेच गातात, त्यामुळे आवाजावरून पात्र ओळखायचीही सोय नाही.

कानात हेडफोन घालून ऐकताना हे खटकत नाही. आपण रेकॉर्डच्या पाकिटावरचे शब्द वाचतो, चार वेळा ऐकतो, फट आपली आपण भरतो. स्टेजवर ती सोय नाही. तिथं कुणाला तरी खरोखर पडावं लागतं. म्हणून प्रत्येकानं ती फट वेगळी भरली. १९७५ च्या चित्रपटात प्रियकर नवऱ्याला मारतो. १९९३ च्या ब्रॉडवे प्रयोगात नवरा प्रियकराला मारतो, त्याच्यावर खटला चालतो आणि तो सुटतो. चाल तीच, गोष्ट उलटी. आणि ते सालसुद्धा कसं हललं बघा: चित्रपटात गाणं '१९५१' झालं, ब्रॉडवेवर युद्धच दुसरं महायुद्ध केलं आणि गाण्यातला २१ हा आकडा आईच्या एकविसाव्या वाढदिवसाचा झाला. गाणं वाचवायला गोष्ट वाकवली.

तांबडारस्सा
म्हणजे आधी गाणी, मग खुनी कोण ते बघू. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्याचं असंच असतंय.

मेघ_इव्हेंट्स
नमस्कार, लग्न, बारसे, वाढदिवस यासाठी संपूर्ण ऑर्केस्ट्रा योग्य दरात उपलब्ध. जुनी-नवी गाणी, २ गायक, १ गायिका, निवेदकासह. संपर्क मेसेजमध्ये.

तांबडारस्सा
घ्या, सूत्रधार आला चालत.

पंचगंगाकाठ
@एकटा_बेसिस्ट, अंगावर काटा आला वाचून. आमचं चौथं गाणं अगदी तसंच आहे. धाकटा गातोय, "कडी मी घातली, कडी मी घातली", आणि पुढच्या गाण्यात थोरला नाही. मधलं जाणंच नाही. पण मग ब्रॉडवेवाल्यांनी फक्त खुनी बदलला की आणखी काही केलं? आणि जो ऐकत नाही, बोलत नाही त्या हिरोला गायला कसं लावलं? आमचा धाकटाही पाचव्या गाण्यानंतर बोलायचा बंद होतो.

एकटा_बेसिस्ट
तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही तुमच्या कामाच्या. दिग्दर्शक डेस मॅकअनफ, त्यानं टाउनशेंडबरोबर बसून केलं. आधी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात ला होया इथं, मग ब्रॉडवे.

सुरुवातीच्या वाद्यसंगीतात, म्हणजे ओव्हर्चरमध्ये, पूर्वकथा मुक्यानं दाखवून टाकली. भेट, लग्न, युद्ध, विमानातून पॅराशूटनं उड्या, पकडलं जाणं, घरी आलेली बातमी. जवळजवळ एकही शब्द न गाता पूर्वकथा संपली. अल्बमवर ते संगीत नुसतं वातावरण होतं, स्टेजवर त्यानं गद्याचं काम केलं.

टॉमी तीन नटांना वाटला: चार वर्षांचा, दहा वर्षांचा आणि मोठा. लहान पोरगं दगडासारखं उभं असतं आणि आरशातून मोठा टॉमी त्याच्याशी गातो. म्हणजे मुका मुकाच राहिला, गाणारा त्याच्या आतला. तुमच्या धाकट्याला हे सरळ लागू पडतंय.

तिसरं, कारणं जोडली. अल्बममध्ये सॅली सिम्प्सन नावाच्या पोरीचं गाणं आहे. पुढे बरा होऊन लोकांचा गुरू झालेल्या टॉमीच्या सभेत ती स्टेजवर झेप घेते, गालावर जखम होते. अल्बमवर ते मध्येच येतं आणि तिथंच संपतं, पुढे तिचा काही संबंध नाही. ब्रॉडवेवर ते गाणं उचलून शेवटाकडं नेलं, तिला इजा टॉमीच्या रक्षकांकडून होते, आणि ते बघून टॉमीचे डोळे उघडतात. नवीन गाणं आईबापासाठी एकच लिहिलं. बाकी सगळं जुनंच, फक्त जागा बदलून.

एक चिमटा काढतो: सगळ्यात गाजलेलं पिनबॉलचं गाणं गोष्टीत नव्हतंच. टाउनशेंडनं निक कोन या समीक्षकाला कच्चं काम ऐकवलं, तो फारसा खूश झाला नाही. त्याला पिनबॉलचं वेड होतं, मग हिरो पिनबॉलचा चॅम्पियन झाला. आंधळा-बहिरा चॅम्पियन!

सावनी_क
छान धागा. पण मला वाटतं तुम्ही उगाच अवघड करताय. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' मध्ये पण संवाद नाहीत आणि ते जगभर सहज चालतं. कारण ते मुळात नाटक म्हणून लिहिलं होतं, रेकॉर्ड नंतर आली. तुम्ही पण आधी नाटक लिहा, मग चाली लावा.

एकटा_बेसिस्ट
सावनीताई, क्रम उलटा आहे. रेकॉर्ड १९७० ची, ब्रॉडवेचा प्रयोग १९७१ चा, लंडनचा १९७२ चा. संगीतकार लॉइड वेबर आणि गीतकार राइस यांना स्टेजसाठी निर्माता मिळत नव्हता म्हणून आधी रेकॉर्ड काढली. पण तुमचं अर्धं बरोबर आहे: त्यांनी लिहिताना डोक्यात स्टेजच ठेवलं होतं. शेवटच्या भोजनाच्या प्रसंगात जूडास आणि येशू एकमेकांवर ओरडतात, एक ओळ याची, एक त्याची. जुना_श्रोता काका म्हणतात ती साकी-दिंडी तिथं आहे.

फळा_खडू
मी शाळेत मराठी शिकवतो, रॉकमधलं फार कळत नाही. पण 'सुपरस्टार' चालण्याचं मुख्य कारण मला वेगळं वाटतं. पुढे काय होणार हे समोरच्या प्रत्येकाला आधीच ठाऊक आहे. भोजन झालं की अटक होणार, मग क्रूस. सांगायची गरजच नाही, म्हणून गाण्याला नुसतं भांडायला आणि रडायला मोकळीक मिळते. 'सौभद्र'ही तसंच: सुभद्रा कोणाची होणार याबद्दल १८८२ च्या प्रेक्षकाला शंका नव्हती. टॉमीची गोष्ट नवी, म्हणून तिला ओव्हर्चर, तीन नट, सगळं लागलं. तेव्हा पंचगंगाकाठ, तुमच्या गोष्टीतलं प्रेक्षकाला आधीपासून काय माहीत आहे, ते आधी शोधा.

नंदूभक्त
'सुपरस्टार'वरून आठवलं, १९७० च्या दशकात अलेक पदमसींनी मुंबईत हेच इंग्रजीत केलं होतं, आणि जूडास होते आपले नंदू भेंडे. पुढं तेच 'तीन पैशाचा तमाशा'त गायले. तेव्हा मराठी गळ्याला हे जमत नाही वगैरे म्हणू नका कुणी.

साउंड_बाप्या
कुणी म्हणालं नाही तसं. पण गळ्याला जमणं वेगळं आणि शेवटच्या रांगेला कळणं वेगळं. इतकी चर्चा झाली, कुणी आवाजाचं नावच काढंना. मी २० वर्षं हेच करतोय, जरा ऐका.

तुमची गोष्ट कळण्यासाठी शब्द कळले पाहिजेत. शब्द कळतात व्यंजनांवर: क, ट, स, च. ही व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहतात. आणि तुमची डिस्टॉर्शनवाली गिटार कुठं ओरडते? बरोब्बर तिथंच. साध्या बँडच्या कार्यक्रमात चालून जातं, लोकांना गाणी पाठ असतात. तुमची गाणी पहिल्यांदाच ऐकणार लोक.

आता ड्रम. आपल्याकडच्या मध्यम हॉलमध्ये खरा ड्रमसेट स्टेजवर ठेवला की तो माइकशिवायच सगळा हॉल भरून टाकतो. नटाच्या कपाळाशी केसांत लपवलेला तो बारका माइक चारही बाजूंचं घेतो. त्याला वाढवलं की गायकाबरोबर ड्रमही वाढतो, आणखी वाढवलं की शिट्टी. म्हणून माझ्यापुढं दोनच रस्ते असतात: ड्रमर स्टेजवरून हलवा, नाहीतर नटाच्या हातात ओठाला टेकणारा माइक द्या.

दुसरा रस्ता नाटकवाल्यांना आवडत नाही. पण १९७१ मध्ये ब्रॉडवेवर 'सुपरस्टार'च्या सुरुवातीच्या प्रिव्ह्यूंना आवाजाचा एवढा घोळ झाला की प्रयोग रद्द करायची पाळी आली, आणि रॉक कार्यक्रमांचा आवाज सांभाळणाऱ्या एब जेकबला बोलवावं लागलं. येशूच्या हातात माइक चालतो, तर चिखलीच्या पोराच्या हातात का नाही?

ओळखायचं कसं, सांगतो. तालमीत ज्याला गाणी माहीत नाहीत असा माणूस शेवटच्या रांगेत बसवा. तुमची आई, बहीण नको, त्यांना पाठ असतात. त्याला चौथ्या गाण्यानंतर एकच विचारा: कडी कुणी घातली? आलं उत्तर तर बाकी सगळं जमेल.

एकटा_बेसिस्ट
ड्रमर हलवायचा म्हणजे कुठं? विंगेत? तो आमचा जीव आहे.

साउंड_बाप्या
जीव मागच्या खोलीत बसवा. त्याच्यासमोर पडदा, त्यावर स्टेज दिसतंय, कानात हेडफोन. परदेशात सर्रास करतात. नाहीतर इलेक्ट्रॉनिक पॅड, पण ते म्हटलं की ड्रमर लोक माझ्याशी बोलायचं बंद होतात.

मधुरा_कीज
बाप्यादादा, पॅडचं नाव काढलंस की मीही बोलायचं बंद होते. मी नाटकांना कीबोर्ड वाजवते. एक व्यावहारिक मुद्दा, जो अल्बमवाल्यांच्या डोक्यात कधीच येत नाही: फेडआउट. रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं आणि संपतं. स्टेजवर बँड विरत नाही. प्रत्येक गाण्याला खरा शेवट लिहावा लागतो. आणि तो शेवट ठणठणीत केला की लोक टाळ्या वाजवतात, टाळ्यांत गोष्ट तुटते. अर्धवट ठेवला तर टाळ्या नाहीत, पण लोकांना वाटतं काहीतरी चुकलं. ११ गाण्यांत कुठं टाळी हवी आणि कुठं नको, हे आधी कागदावर ठरवा.

दुसरं, दोन गाण्यांमधली जागा. पंचगंगाकाठ, तुमचं चौथं गाणं १२० च्या लयीत आहे समजा. चार मात्रांचं आवर्तन म्हणजे २ सेकंद. थोरला घरातून निघून, होडी घेऊन, गोठ्यापर्यंत जायला ४० सेकंद लागले तर २० आवर्तनं झाली. तुम्ही बसून २० आवर्तनं लिहिली. प्रयोगाच्या दिवशी होडी अडकली, ५५ सेकंद लागले. आता? म्हणून ते तुकडं मोजून लिहायचं नाही. दोन आवर्तनांचा एक फेरा बनवायचा, तो फिरत ठेवायचा, आणि नट जागेवर पोचला की मी मान हलवणार, पुढच्या आवर्तनाला सगळे गाण्यात. आपल्या तबलजीला हे शिकवावं लागत नाही. रॉक बँडला लागतं, कारण ते रेकॉर्डिंगच्या ठोक्यावर वाजवतात.

आणि ट्रॅक वापरणार असाल तर हे सगळं विसरा. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

एकटा_बेसिस्ट
ट्रॅकचं भूत 'द हू'लाच बसलं होतं. १९७३ च्या 'क्वाड्रोफेनिया'त समुद्राचे आवाज, सिंथेसायझर सगळं टेपवर, आणि बँड त्या टेपबरोबर वाजवणार. टेप आणि बँडचं जमेना. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूकॅसलला टाउनशेंडचा एवढा भडका उडाला की त्यानं भर प्रयोगात साउंडवाल्याला धरलं आणि टेपा उपटल्या.

त्यातच लोकांना गोष्ट कळत नाही म्हणून गाण्यांच्या मध्ये ते समजावून सांगायला लागले. डाल्ट्री एकदा, टाउनशेंड एकदा. प्रत्येक गाण्याआधी पुढं काय होणार ते सांगायचं, मग गायचं. सगळा जोर गेला, हळूहळू गाणी गळत गेली. पंचगंगाकाठ, सूत्रधार नको म्हणतोस ते याच्यामुळं बरोबर आहे.

साउंड_बाप्या
टेप जुळली नाही की साउंडवाल्याला धरायचं. हे मात्र जगात सगळीकडं सारखंच.

शिवशाहीर_पोर
थांबा थांबा. बँडनं गाणी थांबवून भाषण दिलं म्हणजे सूत्रधार वाईट, हे कुठलं लॉजिक? आमच्या पोवाड्यात शाहीर एकटा सगळी गोष्ट सांगतोय, मागं झीलकरी "जी जी" धरतात, मध्ये गद्य बोलतो तेही डफ-तुणतुण्याच्या ठेक्यावरच. ऐकणाऱ्याला कधी वाटतं का की गोष्ट थांबली? शाहीर लढाईतल्या दोन्ही बाजू स्वतःच बोलतो. तुमच्या चौथ्या गाण्यात चार ओळी शाहिरानं घातल्या: पाणी कुठवर आलं, थोरला निघाला, कोणत्या वाटेनं. वीस सेकंदांचं काम. आणि ते आपलं आहे, उसनं नाही.

एकटा_बेसिस्ट
उसनं-आपलं सोड. मुद्दा असा की शाहीर लांबून सांगतो. "तो निघाला" म्हणतो. रॉक ऑपेरात गाणारा "मी निघालो" म्हणतो, आणि ऐकणारा त्याच्या पोटात शिरतो. मध्येच तिसरा माणूस उभा केला की आपण पुन्हा बाहेर.

शिवशाहीर_पोर
पोटात शिरून काय उपयोग, जर थोरला कधी गेला तेच कळलं नाही?

तांबडारस्सा
१-० शाहीर.

कुंभारगल्ली
माझ्या मनात वेगळंच चाललंय, सांगू का. पंचगंगाकाठ, गोष्ट चांगली आहे, पण २०१९ ला आमच्या घरात पहिला मजला निम्मा पाण्यात होता. आम्ही गच्चीवर. त्या रात्री सगळे एकच विचारत होते: बंधाऱ्याला किती? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि मग आकडा थांबेचना. पन्नाशी ओलांडली तेव्हा आमच्या वडिलांनी विचारायचं बंद केलं. तुमच्या नाटकात तो आकडा नसेल तर मला ते खोटं वाटेल. आणि असेल तर मी बघू शकेन की नाही सांगता येत नाही.

फळा_खडू
मी मघाशी विचारलं होतं, प्रेक्षकाला आधीपासून काय माहीत आहे. हे घ्या उत्तर. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेच्या पाण्याची पातळी. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एकटा_बेसिस्ट
खरं आहे, आणि याला मोठा आधारही आहे. पिंक फ्लॉइड या बँडनं १९८०-८१ मध्ये 'द वॉल' स्टेजवर आणलं तेव्हा पुठ्ठ्याच्या विटांची भिंत पहिल्या अर्ध्या भागात गाणी चालू असताना रचली जायची. सुमारे ४० फूट उंच. मध्यंतराआधीच्या शेवटच्या गाण्यात शेवटची वीट बसते आणि बँड दिसेनासा होतो. दुसरा भाग सुरू होतो तो भिंतीच्या मागून. ओळ कळली नाही तरी माणूस किती बंद होत चाललाय हे शेवटच्या रांगेला दिसतं. खर्च मात्र इतका झाला की जगात चारच शहरांत प्रयोग झाले, आणि बँडला त्यात तोटा झाला.

तुम्हाला पुठ्ठ्याची भिंत नको. मागच्या पडद्यावर फूट आणि इंच, बस्स. ३९ ला पहिलं गाणं, ४३ ला चौथं.

शिवशाहीर_पोर
आकडा सांगणारा पडदा म्हणजे सूत्रधारच की हो. फक्त त्याला आवाज नाही.

जुना_श्रोता
बरोबर बोललात. मी तर म्हणतो तो आकडा गायलाच पाहिजे. झीलकऱ्यांनी, हलक्या आवाजात. लोक वाचण्याआधी ऐकतात. आणि एक विचारतो: प्रयोग कुठं करणार? केशवराव भोसले नाट्यगृह तर ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. ते मुळात पॅलेस थिएटर, १९१५ चं, शाहू महाराजांनी बांधलेलं. तुमच्या त्या 'सुपरस्टार'चा लंडनचा प्रयोगही पॅलेस थिएटरलाच झाला होता ना?

एकटा_बेसिस्ट
हो काका, तिथं १९७२ ते १९८० सलग चाललं! हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही बसलो होतो, ठरलं ते सांगतो.

धाकट्याला दोन नट. पाचव्या गाण्यानंतर छोटा मुका, मोठा गाणार. चौथ्या गाण्याच्या शेवटी फेडआउट होतं, ते काढलं, तिथं मधुराताई म्हणतात तसा फिरता फेरा. त्या फेऱ्यावर थोरला कडी नसलेल्या बाजूनं आत शिरायचा प्रयत्न करतो, एक शब्द न गाता. टाळी नको आहे तिथं.

सूत्रधारावर वाद मिटला नाही. दिग्दर्शक मैत्रिणीला शाहीर आवडलाय, गिटारवाल्याला पडद्यावरचा आकडा. मला झीलकऱ्यांनी गायलेला आकडा बरा वाटतोय, पण मग तो ४३ वर थांबवायचा की शेवटपर्यंत वाढवायचा यावर भांडण झालं.

@कुंभारगल्ली, तुम्ही तालमीला याल का? नुसतं बसायला. नाही म्हणालात तरी चालेल.

कुंभारगल्ली
बघतो. शेवटच्या रांगेत बसवणार असाल तर येतो. दाराजवळ.

साउंड_बाप्या
त्यांना कडीचं आधीच माहीत झालंय, धागा वाचलाय त्यांनी. परीक्षेला दुसरा माणूस आणा. आणि ड्रमचं काय ठरलं ते कुणी सांगितलंच नाही?

पंचगंगाकाठ
ड्रमर धागा वाचतोय. त्याच्याशी बोलणं चालू आहे.

तांबडारस्सा
म्हणजे पाचव्या गाण्यानंतर तो पण मुका.